जुनी धातूची मूर्ती घेण्याआधी: खान्देशातल्या नव्या संग्राहकासाठी

खान्देशात जुनी मूर्ती तीन वाटांनी विकायला येते. मोडीच्या दुकानात तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत, वाडा पाडताना निघालेल्या लाकडी खांब-तुळयांसोबत आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फोटो होऊन. गोष्ट मात्र तिन्हीकडे एकच ऐकू येते. "आमना आज्याना येळनी से, भाऊ!" आजोबांच्या वेळची म्हणजे चोरीची नाही, असं गृहीत धरून माणूस पैसे मोजतो आणि कागद मागायचं राहून जातं.

इथे मी फक्त धातूच्या छोट्या मूर्तींबद्दल लिहितो आहे. देवळातून किंवा देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, सगळ्यात सहज पिशवीत घालून नेता येते ती हीच वस्तू, आणि नवा संग्राहक पहिल्यांदा घेतो तीही बहुधा हीच. वीरगळ, देवळाचा कोरीव दगड, बारवेतलं शिल्प यांच्या फंदात नवख्याने पडूच नये. ती गावाची असतात, कुणा एकाच्या आजोबांची नसतात.

नमुन्यासाठी एक प्रकरण डोळ्यांसमोर ठेवू. ते मी रचलेलं आहे. अमळनेरचा एक विक्रेता पितळी-कांस्य पंचतीर्थी दाखवतो: मधोमध बसलेले तीर्थंकर, भोवती चार लहान जिनप्रतिमा, मागे प्रभावळ. उंची १७ सेंटिमीटर, वजन पावणेदोन किलो, किंमत ८५ हजार. जोडीला तो तीन कागद देतो: नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याची १९७४ सालची पावती, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि पुरातत्त्व नोंदणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. एवढे कागद बघितल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं.

आधी कायद्याची चौकट

पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम १९७२ चा, आणि तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. मूर्ती, चित्र, नाणं अशी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू. हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. पुरावस्तू घरात ठेवायला किंवा देशातल्या देशात विकत घ्यायला बंदी नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. बंदी आहे ती खासगी माणसाने ती देशाबाहेर नेण्यावर. पण दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत, हाड आणि लाकूड यांतली शिल्पं आणि जुनी चित्रं यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. हात बदलला की तेही कळवावं लागतं. जो विक्रीचा धंदा करतो त्याच्याकडे परवाना हवा.

म्हणजे जुन्या धातूच्या मूर्तीबाबत पहिला प्रश्न असा विचारायचा: "नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र कुठे आहे?" विक्रेता दुकानदार असेल तर दुसरा प्रश्न परवान्याचा. इथे एक हमखास पळवाट ऐकायला मिळते. "अहो, ही नवीच आहे, जुन्या पद्धतीची बनवलीय, हिला कागद लागत नाही." ठीक आहे. मग नव्या मूर्तीचं, बनवणाऱ्याच्या नावाचं जीएसटीचं बिल द्या आणि नव्या मूर्तीचीच किंमत लावा. किंमत पाचशे वर्षांची आणि बिल हस्तकलेच्या वस्तूचं, असा जोडा दिसला की तिथेच बोलणं थांबवावं.

मूर्ती पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून किंवा शेतातून निघाली असं कुणी सांगितलं तर तो वेगळाच मामला होतो. प्रकाशे, बहाळ अशा ठिकाणी तापी-गिरणेच्या काठी किती जुन्या वस्त्या आहेत ते उत्खननांनी दाखवलं आहे, आणि नांगराला अजूनही वस्तू लागतात. पण १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. ते कळवल्याचा आणि पुढे वस्तू सोडून दिल्याचा कागद नसेल, तर 'शेतात सापडली' हे वाक्य विक्रेत्याच्या बाजूचं राहत नाही, विरुद्ध जातं.

कागदाआधी वस्तू वाचा

कागद हातात घेतले की डोळे त्यांच्यावरच खिळतात, म्हणून आधी वस्तू. उजेडात, भिंगाने, आणि उलटी करून. बसकण आणि पाठ या दोन जागा समोरच्या बाजूपेक्षा जास्त बोलतात.

पूजेतली मूर्ती वेगळी ओळखू येते. रोजच्या प्रक्षालाने आणि पुसण्याने नाक, गुडघे, बोटं गुळगुळीत झालेली असतात, तर खोबणींत चंदन-केशराचा पिवळट थर बसलेला असतो. श्वेतांबर मूर्तीला वरून डोळे चिकटवलेले असतात, काहींना अंगावर टिळ्यांच्या जागी चांदीच्या टिकल्या असतात. ते काढले की लाख-राळेचे डाग किंवा ओरखडे मागे राहतात. हिंदू दैवतांच्या मूर्तीवर शेंदराचे थर, तेलाचा चिकटा. बुडाशी सिमेंटचा किंवा चुन्याचा तुकडा अडकलेला असेल तर ती कुठेतरी पक्की बसवलेली होती आणि उचकटली गेली. जमिनीतून आलेल्या कांस्यावर हिरवा, कधी खवल्यासारखा थर असतो, आणि कानाकोपऱ्यांत माती. चिंच नाहीतर ॲसिड लावून हे सगळं नुकतंच घासून काढलेलं असेल तर धातू लालसर, कोरडा दिसतो, पण खोबणींत जुना रंग उरतो. जाणकार विक्रेता जुन्या मूर्तीला घासत नाही, कारण त्याने किंमत उतरते. मग घासली का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्या पंचतीर्थीत दोन्ही डोळ्यांच्या जागी राळेचे काळे ठिपके दिसतात. एका खांद्यावर ताजा ओरखडा आहे. म्हणजे डोळे काढले आहेत, आणि तेही फार पूर्वी नव्हे.

पाठीवरचा लेख

जैन धातुमूर्तींची ही फार मोठी सोय आहे. मध्ययुगातल्या बहुतेक पंचतीर्थींच्या पाठीवर प्रतिष्ठेचा लेख कोरलेला असतो: संवत, महिना, तिथी, दात्याची ज्ञाती आणि नाव, बायको-मुलांची नावं, कुठल्या तीर्थंकरांचं बिंब, कुठला गच्छ म्हणजे साधूंची शाखा, प्रतिष्ठा करणारे आचार्य, आणि कधीकधी गाव. अक्षरं देवनागरीच असतात, भाषा मोडकी संस्कृत. थोडा सराव झाला की निम्मा लेख आपला आपल्याला लागतो. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, माघ-फाल्गुनातल्या तिथीला ५६. गुजरातेकडे संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे एका वर्षाचा फरक धरून चालावं.

कागद वापरून ठसा घेण्याचा उद्योग करू नका. तिरपा उजेड टाकून पाठीचे चार-पाच फोटो काढा, तेवढं पुरतं. मग तो मजकूर दोन ठिकाणी दाखवा. एक, जवळच्या देरासराच्या संघाकडे. दुसरं, प्रतिमालेखांच्या छापील संग्रहांत. गेल्या शंभरेक वर्षांत अभ्यासकांनी देरासरोदेरासरी फिरून असे हजारो लेख उतरवून छापले आहेत, कुठल्या मंदिरात कुठली मूर्ती या तपशिलासह. आपल्या मूर्तीचा लेख त्यात अक्षरशः सापडला, तर ती कधीतरी त्या मंदिरात होती हे ठरलं. तिथून ती कशी बाहेर आली हे सांगायची जबाबदारी मग विक्रेत्याची.

या साधनालाही मर्यादा आहे. संगमरवरी दिगंबर मूर्तींवर संवत १५४८ आणि जीवराज पापडीवाल हे नाव वारंवार दिसतं. त्यांनी एवढ्या मोठ्या संख्येने मूर्तींची प्रतिष्ठा करवून त्या गावोगावी पाठवल्या की त्या लेखावरून एखादी मूर्ती कुठल्या एका मंदिराची हे सांगता येत नाही. ती मंदिरासाठी घडवली होती एवढंच कळतं.

आपल्या नमुन्यात लेख असा लागतो: संवत १५२५, वैशाख सुदि ३, श्रीमाल ज्ञातीय कुणी श्रेष्ठी, शांतिनाथांचं बिंब. म्हणजे साधारण १४६८-६९. पुढे आचार्यांचं नाव आहे आणि त्याच्यापुढची दीड ओळ कानशीने घासलेली आहे. धातू तेवढ्याच पट्ट्यात चकचकीत. ज्या जागी गावाचं नाव यायचं नेमकी तीच जागा झिजली, असं पूजेने होत नाही. पूजेने पाठ झिजत नाही.

माझ्या मते इथेच उठावं. पण नवख्यांनी कागद वाचायलाही शिकावं म्हणून पुढे जाऊ.

पावती: तिच्या काळाला विचारा

जुनी पावती खरी की खोटी हे सहीवरून नाही, तिच्यात तेव्हा नसलेलं काही शिरलंय का यावरून कळतं. आपल्याकडे यासाठी घरच्याच खुणा पुष्कळ आहेत. १९६० च्या आधीच्या कागदावर जिल्हा 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असा असायला हवा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. रुपयाचं चिन्ह २०१० चं, जीएसटी क्रमांक २०१७ नंतरचा. मोबाइल क्रमांकाचं तर बोलायलाच नको.

नमुन्यातल्या १९७४ च्या पावतीवर छापील मथळ्यात 'नंदुरबार, जि. नंदुरबार' असं आहे. ही पावती १९७४ ला छापलेली असणं शक्य नाही, कारण तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. विक्रेता म्हणेल, नंतर नक्कल केली. मग मूळ दाखवा.

पावतीतलं वर्णनही बघा. 'पितळी मूर्ती १ नग' एवढंच लिहिलं असेल तर ती पावती कुठल्याही मूर्तीला चिकटवता येते. ज्या कागदात माप, वजन, लेख किंवा फोटो नाही, तो कागद वस्तूचा नाही.

प्रतिज्ञापत्र

नवख्याला सगळ्यात जास्त भुरळ पाडणारा कागद हाच. स्टॅम्पपेपर, लाल शिक्का, नोटरीची सही. पण नोटरी एवढंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर शपथेवर सही केली. आतला मजकूर खरा आहे असं तो सांगत नाही. वडिलोपार्जित आहे असं विकणाऱ्यानेच लिहून दिलं, तर तो त्याच्याच तोंडच्या बोलण्याचा महागडा कागद झाला.

असा कागद किती दूरवर चालून जातो याचं उदाहरण जगजाहीर आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळातला चोळकालीन नटराज न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला घेतला. मूर्ती पूर्वी दिल्लीत राहिलेल्या एका परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून आल्याचं पत्र सोबत होतं. पत्र बनावट निघालं. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या छायाचित्रसंग्रहात हाच नटराज देवळात असतानाचे फोटो होते, त्यामुळे ओळख पटली आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. एवढ्या मोठ्या संस्थेला जो कागद पुरला नाही तो आपल्याला अमळनेरात कसा पुरेल?

वडिलोपार्जित असल्याचा खरा पुरावा सहसा ओबडधोबड असतो. घरदेरासराचा जुना फोटो, त्यात मागे ही मूर्ती दिसते. भावांच्या वाटणीपत्रात 'धातूचे देव' अशी ओळ आणि कुणाच्या वाट्याला काय गेलं ते. १९७६-८० च्या सुमारास आजोबांनी केलेली नोंदणी. असे दोन तुकडे एकमेकांना जुळले की माझा त्यावर दहा नव्याकोऱ्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त विश्वास बसतो.

नोंदणीचं प्रमाणपत्र

झेरॉक्सवर कधीही थांबू नका. मूळ प्रत मागा आणि तीन गोष्टी जुळवा: फोटो, माप, आणि धारकाचं नाव. फोटोतली एखादी खोट, जसं प्रभावळीचं तुटलेलं टोक किंवा ओतीव कामातलं छिद्र, वस्तूवर त्याच जागी आहे का ते बघा. खोट हीच खरी ओळख, कारण ती नकलेत सहसा उतरत नाही. मधल्या काळात हात बदलला असेल तर तो कळवल्याची पोच हवी.

नमुन्यातल्या झेरॉक्सवर उंची १२ सेंटिमीटर आहे आणि फोटोतली मूर्ती एकतीर्थी, म्हणजे एकट्याच तीर्थंकरांची. प्रमाणपत्र खरं असेलही, पण ते दुसऱ्याच मूर्तीचं आहे. नोंदलेली मूर्ती कधीच विकली गेली आणि तिचा कागद मागे राहिला, असं होतं. तो मग पुढच्या मूर्तीच्या गळ्यात बांधला जातो.

प्रमाणपत्र मालकी सिद्ध करत नाही, हेही ध्यानात असू द्या. ते ताब्यात असलेल्या वस्तूची नोंद करतं. त्याचं खरं मोल तारखेत आहे: मूर्ती १९७८ साली या घरात होती, हे त्यातून दिसतं. गेल्या वर्षी काढलेल्या नोंदणीतून त्यातलं काहीच दिसत नाही. क्रमांकाची खातरजमा करायची तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं नाशिकचं कार्यालय किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं छत्रपती संभाजीनगर मंडळ इथे लेखी अर्ज द्या, झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. उत्तर यायला वेळ लागतो. विक्रेता तेवढा थांबायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच.

मंदिराकडून येत असेल तर

कधीकधी विकणारा ट्रस्टी किंवा पुजारी असतो. जीर्णोद्धाराला पैसे हवेत, असं कारण सांगतो. मूर्ती देवस्थानाची असते, पुजाऱ्याची नाही, आणि एकट्या ट्रस्टीचीही नाही. सार्वजनिक देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं. त्याच्या नोंदवहीचा उतारा, म्हणजे सगळे म्हणतात तो शेड्यूल वन, जळगाव किंवा धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयातून मिळतो. त्यात विश्वस्तांची नावं आणि जंगम मालमत्ता असते. मूर्तीची नोंद तिथे असली तर विकणाऱ्या एकट्या माणसाकडून ती घेण्याचा विषयच संपला. संघ-संघांमध्ये मूर्ती दिल्या-घेतल्या जातात, पण ते पत्रव्यवहाराने, सगळ्यांसमोर होतं. रात्री घरी बोलावून नाही.

चोरीच्या नोंदी तपासताना

इंटरपोलचं ID-Art हे मोफत ॲप फोनवर घ्या. त्यात फोटो टाकून किंवा वर्णन देऊन चोरीला गेलेल्या कलावस्तूंच्या यादीत शोधता येतं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पोलीस ठाणं आणि तारीख निवडून बघता येतात. वस्तूच्या नावाने शोधता येत नाही, म्हणून लेखातून किंवा बोलण्यातून गावाचा अंदाज आल्याशिवाय हा शोध लांबतो. गावाचं नाव आणि 'मूर्ती चोरी' असे शब्द टाकून स्थानिक वर्तमानपत्रांच्या बातम्याही चाळा. खेड्यातल्या चोऱ्या बऱ्याचदा तिथेच सापडतात.

यादीत नाव नाही म्हणजे मूर्ती स्वच्छ, असं मात्र समजू नका. यादीत वस्तू जायला आधी तक्रार आणि फोटो लागतो. डोंगरातल्या बंद देवळाच्या मूर्तीचा फोटो कुणाकडे असतो? जमिनीतून चोरून काढलेल्या वस्तूची तर कुणाला माहितीच नसते, मग तक्रार कोण करणार? यादीत सापडली तर चोरीची हे नक्की. न सापडली तर काहीच नक्की नाही.

ठरवायची वेळ

चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सहसा घेणाऱ्याला मिळत नाही, त्याने कितीही पैसे मोजलेले असोत. मूळ मालक पुढे आला की वस्तू जाते आणि पैसे विक्रेत्याकडून वसूल करत बसावं लागतं. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही कुणी ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घासलेला लेख, काढलेले डोळे आणि न जुळणारं प्रमाणपत्र पाहूनही घेतली, तर 'मला काय माहीत' म्हणायला जागा उरत नाही. प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी करणाऱ्याला त्याच संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत आहे, म्हणून तोही माल लवकर खपवायच्या घाईत असतो.

तेव्हा अमळनेरची पंचतीर्थी घ्यायची नाही. इसारही द्यायचा नाही. 'फक्त अडकवून ठेवायला' दिलेले दोन हजारसुद्धा व्यवहार झाल्याचा पुरावा होतात. विक्रेत्याशी वाद घालू नका, 'घरी विचारून सांगतो' एवढं बोलून निघा. फोटो आणि चॅट पुसू नका. ते घेऊन स्थानिक गुन्हे शाखेत जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मूर्ती आपण विकत घेऊन मंदिराला परत करू, असा उदार विचार काहींच्या मनात येतो. तो करू नका. त्याने चोराला त्याचा भाव मिळतो आणि मूर्ती तुमच्या ताब्यात सापडते.

आणि समजा एखादी मूर्ती या सगळ्यातून पार पडली, कागद जुळले, तर व्यवहार असा करा. पैसे बँकेतून, रोख एक रुपयाही नाही. विक्रीपत्रात माप, वजन, लेखाचा मजकूर, प्रमाणपत्र क्रमांक. पुढून, मागून, बुडाकडून काढलेले फोटो जोडून प्रत्येकावर दोघांच्या सह्या. विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत. मूर्ती चोरीची ठरली तर पूर्ण रक्कम परत देण्याचं कलम. त्याच दिवशी नोंदणी अधिकाऱ्याला हस्तांतर कळवण्याच्या अर्जावर त्याची सही घ्या, कारण पैसे मिळाल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.